किलोभर सफरचंदं पुल्लिंगी, एक सफरचंद स्त्रीलिंगी

मराठीत आधी एक झाड, मग त्याची झाडं. अरबीत गाडी उलटी चालते. तिथे मूळ शब्द समूहाचा: 'शजर' म्हणजे झाडं. त्यातलं एकच झाड दाखवायचं, तर शेवटी 'आ' जोडायचा: 'शजरा'. फळं, पक्षी, किडे, म्हणजे ढिगाने किंवा थव्याने भेटणारं बरंच काही याच साच्यात बसतं. 'नहल' मधमाश्या, 'नहला' एक मधमाशी. 'बैद' अंडी, 'बैदा' एक अंडं. मुंबईच्या बैदा रोटीतला बैदा तो हाच.

आपल्याकडे मासा पुल्लिंगी आणि टोपलीभर मासळी स्त्रीलिंगी. अरबीत नेमकं उलट. समूहाचा शब्द सहसा पुल्लिंगी एकवचनी आणि सुटा नग स्त्रीलिंगी. 'तुफ्फाह' म्हणजे सफरचंदं. ती लाल असतील तर 'तुफ्फाह अहमर', आणि झाडावरून गळली तर क्रियापद येतं 'पडला' या रूपाचं, कितीही गळली तरी. त्यातलं एक उचललं की ते 'तुफ्फाहा हमरा'. 'लाल'चं रूप बदललं, आणि क्रियापदही 'पडली' होतं.

फळवाल्याकडे गेलात की याचा हिशेब लागतो. वजनावर मागायचं तर समूहाचा शब्द: 'कीलो तुफ्फाह'. मोजून मागायचं तर मात्र ढिगाला हात लावायचा नाही, नगाच्या शब्दापासून सुरुवात करायची. दोनसाठी द्विवचन, 'तुफ्फाहतान'. तीन ते दहापर्यंत अनेकवचन, म्हणून 'सलास तुफ्फाहात'. अकरापासून पुढे नव्व्याण्णवपर्यंत पुन्हा एकवचनी 'तुफ्फाहा'! नवशिके हमखास 'सलास तुफ्फाह' म्हणून मोकळे होतात. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. तीन म्हटलं की नग मोजायचे, ढीग नव्हे. (हे सगळं लेखी अरबीचं, बोलींत रूपं थोडी सैल होतात.)

'शजर'ला आणखी एक अनेकवचन आहे, 'अश्जार'. मोजून तीन-चार झाडं दाखवायला 'शजरात', आणि नाना जातींची झाडं म्हणायची असली की बहुधा 'अश्जार'.

पण शेवटी 'आ' दिसला की तो नगच, असं धरून चालू नये. 'मदीना' म्हणजे शहर. त्यातला 'आ' काढून शहरांचा समूह हाती लागत नाही. माणसांच्या समूहांना तर दुसराच प्रत्यय: 'जुंद' म्हणजे सैन्य, 'जुंदी' म्हणजे त्यातला एक सैनिक.

समूहाचं लिंगही अगदी पक्कं नाही. 'नख्ल' म्हणजे खजुराची झाडं. कुराणाच्या चौपन्नाव्या अध्यायात या शब्दाला पुल्लिंगी विशेषण लागलं आहे आणि एकोणसत्तराव्यात स्त्रीलिंगी. जुन्या वैयाकरणांनी याचं कारण बोलींत शोधलं: हिजाजचे लोक असे शब्द स्त्रीलिंगी वापरत, तमीम टोळीचे पुल्लिंगी. आजच्या लेखी अरबीत पुल्लिंगाचंच चलन जास्त आहे.