रुग्णालयाचे देयक आणि विम्याची प्रमाणशीर कपात

आरोग्य विमा असूनही रुग्णालय सोडताना मोठी रक्कम पदरची भरावी लागते, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. त्याचे एक प्रमुख कारण विमापत्रातील खोलीभाड्याच्या मर्यादेत असते. अनेक विमापत्रांत दररोजचे खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का इतकेच मान्य केलेले असते. ही मर्यादा ओलांडल्यास केवळ भाड्यातील फरकच नव्हे, तर अन्य खर्चही त्याच प्रमाणात कमी धरला जातो. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. अनेक रुग्णालयांत खोलीच्या श्रेणीनुसार डॉक्टरांचे व शस्त्रक्रियागृहाचे दरही वाढतात, हे या अटीमागील कारण होय.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. मेडशी येथील एका शिक्षकाचा तीन लाख रुपयांचा विमा आहे. त्यांना दररोज ३,००० रुपये खोलीभाडे मान्य आहे. परंतु अकोल्याच्या रुग्णालयात ते ५,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिले. एकूण देयक १,२०,००० रुपये झाले. त्यात खोलीभाडे २०,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क ६०,०००, औषधे व तपासण्या ३६,००० आणि नातेवाइकांचे जेवण, दूरध्वनी इत्यादी ४,००० रुपये होते.

विमा कंपनी खोलीभाड्यापोटी १२,००० रुपये देईल. शस्त्रक्रिया व डॉक्टरांच्या शुल्कातून पाचापैकी तीन भाग, म्हणजे ३६,००० रुपये मान्य होतील. औषधे व तपासण्यांचे ३६,००० रुपये पूर्ण मिळतील. जेवण, दूरध्वनी इत्यादींचे काहीच मिळणार नाही. अशा प्रकारे ८४,००० रुपये मंजूर होऊन ३६,००० रुपये रुग्णाकडे निघतील. भाड्यातील फरक अवघा ८,००० रुपयांचा असता, त्यापायी आणखी २४,००० रुपयांचा भार पडला.

या कपातीला मर्यादा आहेत. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरविल्यानुसार औषधे, शरीरात बसविली जाणारी साधने व निदान-तपासण्या यांवर, तसेच अतिदक्षता विभागाच्या शुल्कावर ती लावता येत नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथेही ती लागू होत नाही. वरील उदाहरणात औषधे व तपासण्यांतूनही दोन पंचमांश वजा केले असते, तर १४,४०० रुपये चुकीने कापले गेले असते.

म्हणून दाखल होतानाच विमापत्रातील भाड्याची मर्यादा रुग्णालयाला दाखवून त्या आतील खोली मागावी. घरी जाताना बाबवार देयक आणि कंपनीचे मंजुरीपत्र घेऊन प्रत्येक कपातीचे कारण ताडून पाहावे. कपात अयोग्य वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.