खांदा बसला, पुढे काय?

कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो आणि त्याच क्षणी मागून कोणीतरी त्याचा उचललेला हात धरून मागे खेचतो. 18 वर्षांच्या मुलाचा खांदा बहुतेकदा असाच, पुढच्या बाजूला निखळतो. खांद्याची गोलाई सपाट दिसते, मुलगा दुसऱ्या हाताने कोपर सावरून धरतो आणि कोणाला हात लावू देत नाही. मैदानावर ओढून खांदा बसवायचा मोह होतो, तो टाळावा. हाड मोडले आहे का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का, हे पाहूनच डॉक्टर खांदा बसवतात. बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात.

खांदा बसला की दुखणे एकदम कमी होते आणि घरच्यांना वाटते, संपले. खरी अडचण इथूनच सुरू होते. खांद्याची वाटी उथळ असते. तिच्या कडेला असलेली कूर्चेची गोल किनार तिला थोडी खोली देते. पहिल्या निखळण्यात ही किनार पुढच्या बाजूने उपटली जाते. इंग्लंडचे शल्यविशारद बँकार्ट यांनी 1923 मध्ये या इजेचे महत्त्व दाखवले. किनार पुष्कळदा मूळ जागी जुळत नाही. म्हणून विशीच्या आतल्या, अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. चाळिशीनंतर ती बरीच कमी होते, पण तेव्हा स्नायूंच्या दोऱ्या फाटण्याची भीती असते.

झोळी साधारण दोन-तीन आठवडे पुरते. जास्त दिवस बांधल्याने पुन्हा निखळणे टळत नाही, खांदा मात्र आखडतो. या काळात बोटे, मनगट, कोपर हलवत राहायचे. मग हळूहळू हात पुढे उचलायचा. सहा आठवडे मात्र हात बाजूला उचलून बाहेर वळवायचा नाही, म्हणजे चेंडू फेकण्याची ती स्थिती टाळायची. पुढचे काम रबरी पट्टीचे. कोपर कमरेशी टेकवून हात बाहेर आणि आत वळवताना सांध्याला घट्ट धरणारे खोलवरचे स्नायू बळकट होतात. त्याबरोबर पाठीचे फऱ्याभोवतीचे स्नायूही हवेत, कारण वाटी फऱ्याचाच भाग आहे. जिममध्ये फक्त छाती फुगवणाऱ्या मुलांचे नेमके हेच राहून जाते.

मैदानावर परतायचे ते तारीख पाहून नव्हे. हात पूर्ण फिरला पाहिजे, ताकद दुसऱ्या हाताइतकी आली पाहिजे आणि फेकण्याच्या स्थितीत ‘आता निसटेल’ अशी धास्ती वाटता कामा नये. याला तीन-चार महिने सहज लागतात. धास्ती राहिली तर खांदा अजून तयार नाही.

व्यायामाने धोका कमी होतो, पण उपटलेली किनार त्याने शिवली जात नाही. म्हणून स्पर्धात्मक कबड्डी किंवा कुस्ती खेळत राहणाऱ्या मुलाने पहिल्याच वेळी एमआरआय करून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे माझे मत आहे. दरवेळी खांदा निखळला की वाटीची कड झिजते आणि झीज वाढली की फक्त किनार शिवून भागत नाही, हाडाचा तुकडा बसवावा लागतो. प्रशिक्षकांना एकच विनंती: जिल्हा स्पर्धा तोंडावर आली म्हणून पट्टी बांधून मुलाला चढाईला पाठवू नका.