डॅम्पर वाढवला की कंप लांबतो

भिंतीला एक स्प्रिंग, तिच्या टोकाला एक ठोकळा, त्याला दुसरी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला दुसरा ठोकळा. दोन्ही वस्तुमानं १, दोन्ही स्प्रिंगांचा ताठपणा १. भिंत आणि पहिला ठोकळा यांच्यामध्ये एक डॅम्पर, त्याचा गुणांक c. दुसऱ्या ठोकळ्याला डॅम्पर नाही. डॅम्पर जितका जोरकस तितकं कंपन लवकर शमेल असं कुणालाही वाटेल, पण या मांडणीत २ या आकड्यापलीकडे ते खोटं ठरतं. कारण शोधायला लागलं की वर्गी आयगेनमूल्य प्रश्न सोडवताना त्याचा आकार दुप्पट का करावा लागतो, हेही कळतं.

गतीच्या समीकरणात उत्तर e^(λt) x असं धरलं की (λ²M + λC + K)x = 0 उरतं. λ चा वास्तव भाग कंपन किती वेगानं शमतं ते सांगतो आणि काल्पनिक भाग ते किती वेगानं होतं ते. अडचण λ आणि λ² एकत्र येण्याची आहे. डॅम्पर नसता तर λ² लाच एक अज्ञात मानून नेहमीचा प्रश्न सुटला असता. यावर अभियंत्यांचा जुना उपाय असा, की डॅम्पर नसतानाच्या कंपनरूपांवर C उतरवायचा, कर्णाबाहेरच्या संख्या सोडून द्यायच्या आणि प्रत्येक रूप वेगळं सोडवायचं. हलक्या अवमंदनात हे चालतं, आणि C हा M व K यांच्या मिश्रणातून आलेला असेल तर अगदी अचूक असतं. इथे तसं नाही, कारण CK आणि KC वेगळे येतात. c = 10 घेतल्यावर ही रीत चारही मूल्यं वास्तव देते, म्हणजे कंपनच होणार नाही असं सांगते. खरं उत्तर असं, की एक कंपन टिकून राहतं आणि त्याचा शमनदर जेमतेम ०.०५ असतो. या रीतीचा सर्वांत मंद दरही ०.१५ च्या आसपास येतो. पूल किंवा यंत्र तपासणाऱ्यानं या आकड्यावर विसंबावं असं मला वाटत नाही.

रेषीकरणात काहीच सोडून द्यावं लागत नाही. v = λx हे नवं अज्ञात धरायचं, म्हणजे वेगाला स्थानाइतकाच मान द्यायचा. मग एक समीकरण λx = v आणि दुसरं λv = −Kx − Cv (इथे M एकक आहे). दोन्हींत λ पहिल्या घातातच आहे. दोन ठोकळ्यांचा प्रश्न चार ओळींच्या मॅट्रिक्सचा झाला, आणि त्याची चार आयगेनमूल्यं हीच मूळ प्रश्नाची चार उत्तरं.

```
import numpy as np
c = 2.0
A = np.array([[0, 0, 1, 0], [0, 0, 0, 1],
              [-2, 1, -c, 0], [1, -1, 0, 0]])
print(np.linalg.eigvals(A))
```

एवढ्या लहान प्रश्नात हातानंही पडताळा घेता येतो. निश्चायक λ⁴ + cλ³ + 3λ² + cλ + 1 येतो, आणि s = λ + 1/λ ठेवल्यावर s² + cs + 1 = 0 एवढंच उरतं. c बरोबर २ असताना s = −1 हे दुहेरी मूळ, म्हणून λ = −0.5 ± 0.866i, प्रत्येक दोनदा. दोन्ही ठोकळे सारख्याच विस्तारानं हलतात, पण पहिला साठ अंश मागे असतो. चारही मूल्यांच्या वास्तव भागांची बेरीज नेहमी −c असते, त्यामुळे २ च्या खाली सर्वांत मंद दर c/4 पेक्षा जास्त होऊच शकत नाही. २ च्या वर s ची दोन्ही मूल्यं वास्तव होऊन फाकतात. c = 10 ला त्यातलं एक −0.101 असतं, आणि पहिला ठोकळा दुसऱ्याच्या दहाव्या भागाइतकाच हलतो. डॅम्परनं त्याला जवळजवळ जखडून टाकलं आहे. दुसरा ठोकळा जणू भिंतीलाच बांधल्यासारखा झुलत राहतो, आणि डॅम्परला ऊर्जा खायला हालचालच मिळत नाही.

आक्षेप घेतला जातो तो खर्चाचा. आकार दुप्पट झाला की भरीव मॅट्रिक्सवरचं काम साधारण आठपट होतं, आणि M, C, K यांची सममितीही या मांडणीत दिसेनाशी होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सममिती जपणारी रेषीकरणंही आहेत, पण खर्च टाळण्यासाठी कर्णाबाहेरच्या संख्या टाकून दिल्या, तर c = 10 ला काय होतं ते वर दिसलंच. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: मॅट्रिक्स मोठी केली म्हणून उत्तर विश्वासार्ह होतं का? आपोआप होत नाही. K मधल्या संख्या M पेक्षा कोट्यवधी पटींनी मोठ्या असल्या, तर वेग आणि स्थान यांचे भाग एकाच सदिशात विषम वजनाचे होतात आणि लहान भागाची अचूकता हरवते. म्हणून आधी λ चं एकक बदलून घ्यावं, γ = √(‖K‖/‖M‖) या पटीनं, म्हणजे M आणि K एका मापात येतात. फार भारी अवमंदनात मात्र एवढ्यावर भागत नाही. शेवटची तपासणी मोठ्या मॅट्रिक्सवर न करता मूळ समीकरणावरच करावी: मिळालेले λ आणि x घालून (λ²M + λC + K)x किती उरतं ते ‖M‖, ‖C‖, ‖K‖ यांच्या मापात पाहावं.

c = 2 ला मात्र ही तपासणी उत्तम निघूनही वरच्या कोडमधली जोडमूल्यं आठव्या दशांश स्थळाच्या आसपास एकमेकांपासून सुटू शकतात. तो दोष रेषीकरणाचा नाही. तिथे दुहेरी मूल्याला आयगेनसदिश एकच आहे, आणि अशा ठिकाणी सोळाव्या अंकातली चूक वर्गमुळाच्या मापानं वाढते. मूळ प्रश्नही c = 2 ला तितकाच नाजूक आहे.