टॅली सर्व्हरचा होस्ट बंद पडला तर? छोट्या ऑफिसचा रिकव्हरी प्लॅन

व्हिडिओत होस्ट आणि गेस्ट काय ते पाहिलं. एका कॉम्प्युटरवर (होस्ट) हायपर-व्ही, आणि त्यात टॅलीचा सर्व्हर (गेस्ट). आता होस्टच गेला तर काय, ते बघू.

आपल्या तलासरी-डहाणूत नोव्हेंबर 2018 पासून कितीतरी भूकंपाचे धक्के बसले, त्यात पावसाळ्यात लाइटचा लपंडाव. म्हणून बॅकअपची हार्डडिस्क होस्टच्या शेजारी, त्याच टेबलावर ठेवू नका. घरी न्या.

एक गैरसमज आधी काढतो. चेकपॉइंट म्हणजे बॅकअप नाही. त्याची फाइल मूळ डिस्क-फाइलवर अवलंबून असते आणि बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही गेलं. त्यापेक्षा दर शनिवारी संध्याकाळी अख्खा गेस्ट बाहेरच्या डिस्कवर काढा, दर वेळी नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये:

```
Export-VM -Name "TALLY-SRV" -Path "E:\VM-0706"
```

120 जीबीच्या फाइल्स असतील आणि डिस्क सेकंदाला 100 एमबी लिहीत असेल, तर साधारण 20 मिनिटं. शिवाय रोज दुकान बंद करताना टॅलीतून Alt+Y, मग Backup. तो गेस्टच्या आत नको, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा.

आता समजा, बुधवारी दुपारी 3 वाजता होस्ट गेला. दुसरा कॉम्प्युटर घ्या. त्यावर विंडोज प्रो हवं; होममध्ये हायपर-व्ही मिळत नाही. विंडोज जुनं असेल तर नव्या होस्टवरचा गेस्ट ते घेईलच असं नाही, म्हणून दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवा. मग Import करताना -Copy विसरू नका:

```
Import-VM -Path "E:\VM-0706\...\*.vmcx" -Copy
```

(ठिपके आणि तारका यांच्या जागी तुमच्या फाइलचा पूर्ण पत्ता.) -Copy नसेल तर गेस्ट थेट बॅकअप डिस्कवरूनच चालू होतो आणि तुमची एकमेव प्रत बदलायला लागते. हे लोकांना फार उशिरा कळतं. नेटवर्कची एरर आली तर घाबरू नका, नव्या होस्टवर व्हर्च्युअल स्विचला जुन्याचंच नाव द्या.

सर्व्हर उठला, पण आत हिशोब शनिवारचा आहे. मंगळवार रात्रीचा टॅली बॅकअप रिस्टोर करा. बुधवारची सकाळ मात्र बिलबुकातून हाताने टाकावी लागेल. एवढं चालत नसेल तर दुपारी जेवणाच्या वेळी आणखी एक बॅकअप घ्या.

आणि लायसन्स! ते मशीनशी जोडलेलं असतं. नव्या मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडू शकतं. मग व्हाउचर फक्त 1, 2 आणि 31 तारखेलाच टाकता येतात. जीएसटीआर-1 ची 11 तारीख जवळ असेल तर हे भारी पडतं. म्हणून सीरियल नंबर, नोंदवलेला ईमेल आणि टॅली पार्टनरचा फोन कागदावर लिहून ठेवा. सर्व्हरवरच्या फाइलमध्ये नको, ती तेव्हा उघडणारच नाही.

तीन महिन्यांतून एकदा हीच इम्पोर्ट रिकाम्या कॉम्प्युटरवर करून बघा, नेटवर्क केबल काढून, नाहीतर एकाच नावाचे दोन सर्व्हर भांडतील. शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं दिसतं आणि घड्याळात किती तास गेले, दोन्ही त्याच कागदावर लिहा.