विभागप्रमुख रजेवर गेल्यावर

महाविद्यालयातल्या विभागप्रमुखाकडे जबाबदारी मोठी असते आणि अधिकार तुटपुंजे. सहकाऱ्यांची नेमणूक, पगार, बढती यांतले काहीच एकट्याच्या हाती नसते. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे, ते त्याच स्टाफरूममधले, कधी तर त्याच्याहून आधी नोकरीला लागलेले असतात. त्यामुळे नेतृत्वाची कोणती रीत चालते आणि कोणती मोडून पडते, हे या खुर्चीवर फार लवकर कळते.

अधिकारशाही नेतृत्वात निर्णय एकाचा असतो आणि इतरांनी तो पाळायचा असतो. त्याचा परिणाम कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात तपासला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छंदगट करून त्यांना वेगवेगळ्या रीतीने वागणारे प्रौढ प्रमुख दिले. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हुकूम देणारा प्रमुख समोर असेपर्यंत त्याच्या गटाचे काम जोरात चाले आणि तो खोलीबाहेर गेला की घसरे. सल्लामसलतीने चालणाऱ्या गटात तेवढा फरक पडत नसे. हुकुमाखालची काही मुले आपसांत भांडू लागली, काही मुकाट आणि निरुत्साही झाली. मुलांवरचा निष्कर्ष प्राध्यापकांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण प्रमुखाच्या गैरहजेरीत काय होते हे पाहण्याची कसोटी विभागालाही लागू पडते.

सेवाभावी नेतृत्वाची आधुनिक मांडणी रॉबर्ट ग्रीनलीफ यांची. अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत अनेक वर्षे काम केल्यावर १९७० साली त्यांनी यावर निबंध लिहिला. हेर्मान हेसे यांच्या ‘जर्नी टू द ईस्ट’ या कादंबरीतील लिओ हे त्यामागचे निमित्त. लिओ प्रवासी मंडळींचा सेवक असतो. तो नाहीसा होताच मंडळी विखुरतात आणि पुढे कळते की तोच त्यांच्या संघाचा प्रमुख होता. ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक शहाणी, मोकळी आणि स्वावलंबी झाली का, असा ग्रीनलीफ यांचा निकष होता. खरे तर लिओ या निकषावर पुरता उतरत नाही, कारण तो गेल्यावर मंडळींना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले नाही. सेवाभावी प्रमुखापुढचा मोठा धोका नेमका हाच आहे.

आठवड्याला ६४ तासांचे काम असलेला एक विभाग कल्पून पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला १६ आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास अध्यापन असते. सहयोगी प्राध्यापक असलेले प्रमुख आणि दोन सहायक मिळून ४६ तास होतात. उरलेले १८ तास तासिका तत्त्वावरच्या दोघांकडे जातात. अधिकारशाही प्रमुख एका संध्याकाळी वेळापत्रक लावून मोकळा होतो. सोमवारी वर्ग सुरू होतात, गोंधळ होत नाही. हा फायदा खरा आहे. पण गैरसोयीचे तास बहुधा तासिका तत्त्वावरच्यांच्या वाट्याला जातात, कारण ते तक्रार करू शकत नाहीत. एक तास सकाळी आठला आणि दुसरा दुपारी चारला असला, तर मधल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. असा माणूस दुसरीकडे संधी मिळताच सत्राच्या मध्येच सोडून जातो आणि अभ्यासक्रम अर्धवट राहतो.

सेवाभावी प्रमुख आधी सगळ्यांच्या अडचणी विचारतो, तासिका तत्त्वावरच्यांचे तास सलग लावतो आणि सकाळचा पहिला तास स्वतः घेतो. माणसे टिकतात. आपला विषय कसा शिकवायचा यावर बोलू लागतात. धोका पुढे येतो. एकाने अंतर्गत गुण भरले नाहीत, ते प्रमुख भरतो. नॅकची माहिती कोणी दिली नाही, ती तो रात्री बसून जमवतो. कामसू सहकारी हे पाहतात आणि त्यांचाही उत्साह ओसरतो. वरून सगळे गोड दिसते, पण प्रमुख आठवडाभर आजारी पडला की कोणती फाइल कुठे आहे हेही कोणाला सांगता येत नाही. आयोवातल्या हुकूमशहाच्या गटासारखीच स्थिती इथेही होते. तिथे काम धाकावाचून थांबत होते, इथे ते दुसऱ्या कोणाला येतच नाही म्हणून थांबते.

यातून मार्ग कामांची विभागणी करण्यात आहे. प्रश्नपत्रिकेची गुप्तता, गुण पाठवण्याची अंतिम तारीख, प्रयोगशाळेतील सुरक्षितता, विद्यार्थ्याची छळाची तक्रार या बाबतींत चर्चेची वाट पाहणे घातक असते. तिथे स्पष्ट आदेश हवा, आणि तो ज्येष्ठांनाही तितकाच लागू हवा. वेळापत्रक, विषयवाटप, नव्या प्राध्यापकाची घडण ही कामे ऐकून घेऊन करावीत. राहिलेले काम स्वतः उरकण्यापेक्षा संबंधितासोबत एकदा बसावे, पुढची तारीख विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावी आणि तीही चुकली तर प्राचार्यांना लेखी कळवावे. सहकाऱ्याला नकार देणे किंवा जाब विचारणे हेही सेवेतच मोडते. ते ज्याला जमत नाही, त्याने सेवाभावाच्या नावाखाली विभाग एकट्याच्या खांद्यावर घेतलेला असतो.