फोटोतल्या ड्रमवरून ओळखू या वॉशिंग मशीन



आजकाल जुनं वॉशिंग मशीन घ्यायचं म्हटलं की दुकानदार आधी मोबाइलवर फोटो पाठवतो. सोबत एवढंच लिहितो, "फुल्ली ऑटोमॅटिक, चालू स्थितीत." बाहेरून सगळी मशिनं पांढरी नाहीतर करडी पेटी. पण आत कपडे कशानं हलवले जातात, यावर पाणी किती लागेल, मोठी चादर मावेल का आणि बादलीनं पाणी ओतता येईल का, हे सगळं ठरतं. म्हणून आज आपण पेटीकडे बघायचं नाही, झाकण उघडून आतल्या भांड्याकडे बघायचं.

पूर्ण ऑटोमॅटिक मशिनांच्या तीन जाती आहेत. त्यांची कामाची रीत कळली की फोटो ओळखायला सोपा जातो.

पहिली जात अ‍ॅजिटेटरची. ताक घुसळताना डेऱ्यात रवी कशी उभी असते, तसा या मशीनच्या मधोमध एक जाड प्लॅस्टिकचा खांब उभा असतो. त्याला खाली मोठे पंखे असतात, तर वरच्या भागाला बऱ्याचदा स्क्रूसारखे आटे असतात. हा खांब रवीसारखाच थोडा इकडे, थोडा तिकडे फिरतो आणि कपडे भरपूर पाण्यात घुसळले जातात.

दुसरी जात इम्पेलरची. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला पल्सेटर म्हणतात. यात मधे खांब नाही. भांड्याच्या तळाला ताटासारखी प्लॅस्टिकची गोल चकती असते आणि तिच्यावर तीन-चार किंवा जास्त उंचवटे असतात. चकती गरकन फिरते, पाण्याला भोवरा येतो आणि कपडे एकमेकांवर घासून निघतात. आपल्या बाजारात वरून कपडे टाकायची जी मशिनं मिळतात, त्यांत ही जात सगळ्यात जास्त दिसते.

तिसरी जात फ्रंट लोड. तिचं तोंड समोर, काचेच्या गोल दाराचं. आतला ड्रम आडवा पडलेला असतो आणि गाडीच्या चाकासारखा फिरतो. त्याच्या आतल्या भिंतीवर साधारण तीन लांबट उंचवटे असतात. ते कपड्यांना वर उचलतात आणि वरून कपडे धपकन खाली पडतात. आपण दगडावर कपडे आपटतो, तसलाच हा प्रकार. म्हणून त्याला पाणी कमी लागतं.

आता फोटो हातात घ्या आणि तीन गोष्टी याच क्रमानं बघा.

आधी तोंडाची कड बघा. कडेला करड्या रबराची घड्या घातलेली जाड झालर दिसली, तर ते फ्रंट लोड. दार बंद झाल्यावर पाणी बाहेर येऊ नये म्हणून ते रबर असतं. वरून उघडणाऱ्या मशीनला अशी झालर नसते. तिच्या भांड्याच्या काठावर प्लॅस्टिकचं जाडजूड, गुळगुळीत कडं असतं. कपडे पिळताना भांडं डुगडुगू नये म्हणून ते तिथं बसवलेलं असतं.

मग तळ बघा. तळाला वेगळी बसवलेली प्लॅस्टिकची चकती असेल, तर इम्पेलर. तळातून खांब वर आलेला असेल, तर अ‍ॅजिटेटर. दोन्ही नसून समोर नुसती स्टीलची भिंत दिसत असेल, तर तो तळ नव्हेच. ती आडव्या ड्रमची मागची बाजू आहे, म्हणजे मशीन फ्रंट लोड.

शेवटी बाजूच्या भिंती बघा. खरी फसगत इथंच होते. टॉप लोड मशीनच्या भिंतीवरही कधी कधी प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या दिसतात आणि फोटो अगदी जवळून काढलेला असला, की त्या फ्रंट लोडच्या उंचवट्यांसारख्याच वाटतात. फरक असा. टॉप लोडच्या पट्टीला जाळी किंवा जाळीची पिशवी असते, कारण कपड्यांचे तंतू तिथं अडकवायचे असतात. काही पट्ट्यांना वरच्या टोकाला पाणी पडायचं तोंड असतं. फ्रंट लोडचा उंचवटा मात्र डोंगराच्या कण्यासारखा वर आलेला असतो आणि त्याला जाळीची पिशवी कधीच नसते. सगळे उंचवटे एकसारखे आणि सारख्या अंतरावर असतात.

दुसरी फसगत खांबाची. फोटो बरोबर डोक्यावरून काढला, की खांबाची उंची कळत नाही. उंच खांबही वरून गोल चकतीच वाटतो. त्यातच काही इम्पेलरच्या चकतीला मधे टेंगूळ असतं, तेही बघणाऱ्याला खांब वाटतं. यावर साधा उपाय आहे. दुकानदाराला सांगा, झाकण पूर्ण उघडून, आत बॅटरीचा उजेड टाकून दोन फोटो काढा, एक सरळ वरून आणि एक तिरका. तिरका फोटो काढताना मधल्या भागाच्या शेजारी पाण्याची एक लिटरची बाटली तळाला टेकवून उभी धरायला लावा. मधला भाग बाटलीच्या निम्म्याच्याही खाली राहिला, तर इम्पेलर समजा. बाटलीच्या वर निघून भांड्याच्या निम्म्याहून उंच गेला, तर अ‍ॅजिटेटर. मधलीच उंची दिसली, तर अंदाज करू नका. मशीनच्या मागच्या किंवा आतल्या बाजूच्या पट्टीवर मॉडेलचा नंबर असतो, त्याचाही फोटो मागवा.

एक खूण आणखी. भांड्याची भिंत प्लॅस्टिकची, सपाट आणि बिनभोकांची दिसली, तर ते यांतलं एकही नाही. ते दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनचं धुण्याचं भांडं आहे. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनच्या भांड्याला बहुतेक वेळा चौफेर भोकं असतात, कारण धुणं आणि पिळणं एकाच भांड्यात व्हायचं असतं.

आता हे सगळं एका उदाहरणात बसवू. समजा, एका बचत गटानं गावातल्या वसतिगृहाच्या चादरी धुवायचं काम घेतलंय. नळाला पाणी दिवसाआड येतं, ते पिंपात भरून ठेवावं लागतं. तालुक्याच्या दुकानातून तीन फोटो आले.

पहिल्या फोटोत काठावर जाड प्लॅस्टिकचं कडं आहे, स्टीलच्या भिंतीला भोकं आहेत, एका बाजूला जाळीची पिशवी आहे. तळाला चार उंचवट्यांची चकती. हे इम्पेलर.

दुसऱ्या फोटोत काठ तसाच आहे, पण मधे काहीतरी काळपट गोल दिसतंय. बाटली धरून तिरका फोटो मागवला, तर ते बाटलीच्या बरंच वर गेलेलं आणि त्याला आटे. हे अ‍ॅजिटेटर.

तिसरा फोटो फारच जवळून काढलाय. स्टीलची भोकं आणि तीन उंचवटे एवढंच दिसतंय. जाळी नाही, चकती नाही. थोडं मागे सरून काढलेला फोटो मागवल्यावर रबराची झालर दिसली. हे फ्रंट लोड.

आता निवड कशी करायची? लांब चादर खांबाभोवती गुंडाळली जाते. नऊवारी लुगडं तर हमखास. शिवाय खांब मधली जागा खातो, म्हणून मोठ्या कपड्यांना जागा कमी उरते. त्यामुळं दुसरं मशीन या कामाला नको.

फ्रंट लोडला टॉप लोडपेक्षा पाणी बरंच कमी लागतं आणि चादरही तिथं मोकळी पडते. पण ते पाणी नळातून, दाबानं, त्याचं त्याला घ्यावं लागतं. चालू असताना दार कुलूपबंद असतं, बादलीनं पाणी ओतायची सोय नाही. मधेच वीज गेली, तर दार बंदच राहू शकतं, आत पाणी तसंच. मग खालच्या बाजूच्या छोट्या झाकणातून ते काढावं लागतं. कमी फेसाची पावडरही वेगळी आणावी लागते. साध्या पावडरीचा फेस इतका होतो, की कपडे आपटण्याऐवजी फेसात तरंगत राहतात. गच्चीवर टाकी बसवायची गटाची तयारी असेल, तर हे मशीन विचारात घ्यावं. नाहीतर नाही.

पिंपातलं पाणी वापरायचं असेल, तर पहिलं मशीन बरं. झाकण उघडून बादलीनं पाणी ओतता येतं, ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी आलं की चकती फिरायला लागते. पण एक ध्यानात ठेवा, खंगाळायच्या वेळी पुन्हा पाणी ओतायला कुणीतरी जवळ थांबावं लागतं. चादरी टाकताना एकच गठ्ठा मधोमध टाकू नये, सैल करून भिंतीच्या कडेनं गोल पसराव्यात. नाहीतर त्यांचा पीळ बसतो आणि पिळताना मशीन एका बाजूला ओढलं जातं.

मशिनाची जात ठरली, की त्याच फोटोत झीज बघा. इम्पेलरच्या चकतीच्या कडेला मोठी फट दिसते का, उंचवटे घासून सपाट झालेत का? फट मोठी असली तर पातळ कपडे तिथं अडकून फाटतात. अ‍ॅजिटेटरचे पंखे तुटलेत का? फ्रंट लोडच्या रबराच्या खालच्या घडीत काळी बुरशी किंवा चीर आहे का? ती घडी बोटानं उघडून फोटो काढायला सांगा, कारण पाणी साचतं ते तिथंच.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे बेअरिंग. त्यासाठी छोटा व्हिडिओ मागवा. मशीन बंद ठेवून, भांडं रिकामं असताना हातानं फिरवून दाखवायला सांगा. गर्रगर्र, खरखर असा आवाज आला, तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या दुरुस्तीला बराच खर्च येतो, तेव्हा किमतीची बोलणी तो धरूनच करा. आणि पैसे द्यायच्या आधी, दुकानात पाणी भरून धुण्यापासून पिळण्यापर्यंत एक फेरी पूर्ण चालवून बघा.

पुढच्या बैठकीत गटातल्या कुणाच्या मोबाइलवर असे फोटो असतील, तर मधे ठेवा आणि काठ, तळ, भिंत या क्रमानं सगळ्यांनी मिळून ओळखा.