खिडकीच्या चौकटीवरचा पांढरा थर

पावसाळा सरला की कोकणात आणि मुंबईत समुद्राजवळच्या घरांत खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट, करडे डाग दिसू लागतात. मग कुणी तारेची घासणी काढतं, कुणी संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओततं. डागांनी झालं नसेल एवढं नुकसान या उपायांनी होतं. डागाला हात लावण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखायला हवं.

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतं. तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यांतून पांढरी भुकटी वर येते. छज्जाखालची चौकट आणि कठड्याच्या दांड्याची खालची बाजू जास्त खराब होते, कारण पावसाचं पाणी तिथे पोचत नाही आणि साठलेलं मीठ तसंच राहतं.

चौकट रंगीत असेल तर तिच्यावर बहुधा पावडर कोटिंग असतं. कोरड्या बोटाने घासल्यावर बोटाला पिठासारखी पूड लागली आणि खाली खड्डे नसले, तर तो उन्हाने विटलेला रंग आहे. धातूला काही झालेलं नाही. अशा चौकटीला आंबट काही लावू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन गाडीचं पॉलिश हलक्या हाताने फिरवलं की बराच रंग परत येतो.

चंदेरी चौकटीचं कोडं जरा अवघड. ती साधी असू शकते किंवा अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे कारखान्यात मुद्दाम ऑक्साइडचा जाड थर चढवलेली. हा थर वीज वाहू देत नाही. इलेक्ट्रिशियनकडच्या मल्टिमीटरच्या दोन्ही पिना न खरवडता चौकटीवर टेकवल्या आणि तो वाजला नाही, तर चौकट अ‍ॅनोडाइज्ड समजावी. तिच्यावर पॉलिश पेपर कधीही चालवू नये. थर एकदा घासला गेला की घरी तो परत चढत नाही.

समुद्रासमोरच्या फ्लॅटमधली अ‍ॅनोडाइज्ड सरकखिडकी घेऊ. खालच्या ट्रॅकमध्ये करडा चिखल आहे आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचली आहे. आधी झडप उचलून काढा, ट्रॅकमधली माती कोरड्या ब्रशने काढा आणि पाणी बाहेर जायची भोकं मोकळी करा. मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून सगळं धुवा. निम्मे डाग इथेच जातात. उरलेल्यांसाठी लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्व विरघळवा, त्यात फडकं भिजवून पिळा आणि डागावर पाचेक मिनिटं ठेवा. नंतर मऊ नायलॉनच्या ब्रशने चौकटीच्या लांबीच्या दिशेने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं करा. हे सकाळीच करावं. तापलेल्या धातूवर पाणी लगेच वाळतं आणि नवे डाग पडतात. खिडकीचा उंबरा संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल तर त्यावर आधी प्लास्टिक अंथरा. लिंबूसत्वाने या दोन्ही दगडांची चकाकी जाते.

स्क्रू गंजलेला असेल तर नुसती भुकटी पुसून उपयोग नाही. खारा ओलावा लागला की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून छोटी बॅटरीच होते आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू नायलॉनच्या वॉशरसकट बसवा.

गॅलरीचा कठडा साध्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लिंबूसत्वानंतर उरलेला करडेपणा 400 आणि मग 600 नंबरच्या वॉटर पेपरने, ओला ठेवून, काढता येतो. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण धातूत रुततात आणि पुढे तांबडे डाग देतात. धातू स्वच्छ झाला तरी हवेत तो पुन्हा मंदावणारच, म्हणून कोरडा झाल्यावर गाडीचं मेण लावावं आणि दर तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा द्यावं. पडलेले खड्डे मात्र कशानेच भरून येत नाहीत. बाहेरची बाजू वाकून घासू नका, ते काम माणूस बोलावून करून घ्या.

काही पांढरे डाग पाणी लावलं की दिसेनासे होतात आणि वाळले की जसेच्या तसे उमटतात. तिथे सिमेंट किंवा चुन्याच्या शिंतोड्याने पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडाही हेच करतात. हा डाग धुऊन जात नाही. चौकट रंगवून घेणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून घरात गिलाव्याचं किंवा चुन्याचं काम निघालं की कारागीर यायच्या आधी सगळ्या चौकटींवर चिकटपट्टी लावून प्लास्टिक बांधा, आणि तरीही शिंतोडा उडालाच तर तो ओला असतानाच पाण्याने धुऊन टाका.